बीममध्ये ड्रिल एक सेंटीमीटर जाऊन अडतंय? नवीन मशीन घ्यायच्या आधी हे बघा

तक्रार दरवेळी तीच असते. ऑनलाइन मागवलेलं ड्रिल मशीन, ६०० वॅट, १३ मिमी चक, वर हॅमर फंक्शन लिहिलंय, किटमध्ये पाच-पन्नास वस्तू, आणि टीव्हीच्या भिंतीवर दोन भोकं मस्त पडली पण पडद्याचा रॉड लावायला खिडकीच्या वर मशीन धरलं की वरचं प्लास्टर जातं आणि मग नुसतं गरगर. आवाज मोठा, हाताला झिणझिण्या, बिट गरम होऊन निळा पडतो, भोक मात्र सेंटीमीटरभरच. मग माणूस म्हणतो मशीन डुप्लिकेट निघालं, रिटर्न टाकतो, दुसरं ७५० वॅटचं मागवतो, आणि तेही त्याच जागी तसंच अडतं.

मी फिटिंगची कामं करतो, हे इतक्यांदा बघितलंय की एकदाच सविस्तर लिहून टाकतो. बऱ्याच वेळा मशीन खराब नसतंच. भिंत वेगळी असते आणि लिस्टिंग वाचताना भलत्याच आकड्यावर विश्वास ठेवलेला असतो.

आधी दोन मिनिटांच्या गोष्टी, कारण यातलं काही निघालं तर पुढचं वाचायचीही गरज नाही. ट्रिगरजवळची रिव्हर्सची कळ बघा, ती उलट्या बाजूला ढकलली गेली असेल तर बिट उलटा फिरतो, आवाज सगळा बरोबर येतो आणि भिंत काही कापली जात नाही. मग वरचा सिलेक्टर, त्यावर एका बाजूला बिटचं चित्र असतं आणि दुसऱ्या बाजूला हातोडीचं, तो पूर्ण हातोडीवर सरकवा, मधे अडकलेला नको. आणि तिसरं म्हणजे बिट. किटमध्ये गुळगुळीत काळे किंवा चंदेरी बिट असतात ते लोखंडाचे, टोकाला मधोमध बारीक सुई असलेले लाकडाचे, आणि टोकावर बाणासारखी रुंद, वेगळ्या रंगाची पातळ चकती बसवलेली दिसते ते भिंतीचे. ती चकती टंगस्टन कार्बाइडची असते आणि बाकीच्या दांड्यापेक्षा थोडी बाहेर आलेली असते. लोखंडाचा बिट भिंतीत घातला तर त्याची धार पहिल्याच भोकात जाते, आणि एकदा गेली की तो परत पत्र्यातसुद्धा नीट चालत नाही.

हे तिन्ही बरोबर असेल आणि तरी अडत असेल तर पावडर बघा. खरं निदान तिथेच होतं. भोकाखाली कागद धरा नाहीतर मास्किंग टेपची घडी घालून छोटा खण करून चिकटवा आणि काय पडतंय ते बघा. सुरुवातीचा १२-१५ मिमीचा थर प्लास्टरचा, तो बहुतेक ठिकाणी सारखाच फिकट राखाडी, वाळूसारखा निघतो, त्यावरून काही ठरवू नका. त्यानंतर लाल पावडर आली तर वीट आहे, काम सोपं. पांढरट, मऊ, पिठासारखी भरभर आली तर एएसी ब्लॉक, म्हणजे तो हलका ब्लॉक, तिथे तर हॅमर बंदच ठेवा, नाहीतर भोक मोठं होतं आणि स्क्रूची प्लास्टिकची गिट्टी आतल्या आत फिरत राहते. आणि करडी, एकदम बारीक, अगदी थोडीथोडी पावडर यायला लागली, मशीनचा आवाज चढला आणि बिट पुढे सरकेना, तर ते आरसीसी आहे. बीम, कॉलम, लिंटेल किंवा स्लॅब.

पडद्याच्या रॉडला हे हमखास का होतं, तर खिडकीच्या वर लिंटेल नाहीतर बीम असणारच, त्याशिवाय वरची भिंत टिकणार कशावर. आणि मुंबई-पुण्याकडच्या नव्या टॉवरमध्ये तर आणखी पंचाईत आहे, बऱ्याच ठिकाणी ॲल्युमिनियम फॉर्मवर्कचं बांधकाम असतं, ज्याला सगळे मिवान म्हणतात, त्यात आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्याच ओतलेल्या असतात. तिथे टीव्ही लावा, आरसा लावा, देवघर लावा, सगळीकडे तेच. जुन्या सोसायटीत वीस वर्षं चाललेलं मशीन घेऊन नव्या फ्लॅटमध्ये गेलेली माणसं मला फोन करतात की मशीनची ताकद गेली बहुतेक. मशीन तसंच आहे हो, भिंत बदलली.

आता मुद्दा, की हॅमर लिहिलेलं असून हॅमर होत का नाही.

१३ मिमी चकचं जे नेहमीचं मशीन येतं ते इम्पॅक्ट ड्रिल. त्याच्या आत दोन दातेरी चकत्या समोरासमोर असतात, टाकी लावलेल्या जात्याच्या दोन तळ्या कशा असतात तशा. तुम्ही मशीन भिंतीवर दाबलं की त्या एकमेकींना टेकतात, फिरताना दाते एकमेकांवरून उड्या मारतात आणि बिट किंचित मागेपुढे होतो. ही उडी मिलिमीटरपेक्षाही कमी असते. वीट ठिसूळ, तिला एवढा धक्का पुरतो. काँक्रीटमध्ये खडी असते, आपल्याकडे ती खडी म्हणजे बहुतेक काळा दगड, त्याला या टकटकीचं काही वाटत नाही. शिवाय धक्क्याचा जोर तुमच्या दाबण्यावर अवलंबून, स्टुलावर उभं राहून डोक्याच्या वर हात करून कोण किती दाबणार.

लिस्टिंगमध्ये मात्र मोठ्या अक्षरात ४४,८०० बीपीएम लिहिलेलं असतं, म्हणजे मिनिटाला इतके ठोके, आणि ते वाचून वाटतं की केवढं दणकट. तो आकडा येतो कुठून ते बघा. मशीनचा स्पीड २८०० आरपीएम, चकतीला दाते १६, गुणाकार केला की ४४,८००. बास. मशीन मोकळं फिरत असतानाचा दात मोजलेला आकडा आहे तो, ठोक्यात जोर किती ते त्यात कुठेच नाही.

रोटरी हॅमर, ज्याला साइटवर नुसतं हॅमर मशीन म्हणतात, त्याचं गणित उलटं आहे. त्यात सिलिंडरमध्ये पिस्टन असतो, तो पुढे येताना मधली हवा दाबतो आणि त्या दाबाने एक लोखंडी ठोकळा बिटच्या बुडावर आपटतो. छोट्या, दोन-अडीच किलोच्या मशीनमध्ये मिनिटाला साधारण ४-५ हजार ठोके, म्हणजे इम्पॅक्ट ड्रिलच्या एक दशांश, पण प्रत्येक ठोका दोन जूलच्या वर. त्यावर खडी फुटते. म्हणून लिस्टिंग बघताना मी सरळ सांगतो, बीपीएम चाळीस हजाराच्या पुढे असेल तर ते इम्पॅक्ट ड्रिल, चार-पाच हजार असेल आणि शेजारी जूल दिलेले असतील तर ते खरं हॅमर. नावात काय लिहिलंय तिकडे बघूच नका, हॅमर ड्रिल हे नाव दोन्हीला लावून विकतात. दुसरी खूण चकची. चावीने आवळायचा तीन जबड्यांचा १३ मिमी चक म्हणजे इम्पॅक्ट, आणि एसडीएस प्लस लिहिलेलं असेल, ज्यात खाचा असलेला बिट नुसता आत ढकलला की खटकन बसतो, ते हॅमर.

वॅटचंही तसंच. ६०० वॅट म्हणजे मशीन प्लगमधून खातं ते, चकवर पोचतं त्याच्या साधारण निम्मं, बाकी उष्णतेत आणि घर्षणात जातं. त्यामुळे ६०० चं ७५० केलं तर लाकडात मोठं भोक पाडताना, लोखंडात १० मिमीचा बिट चालवताना फरक कळतो, कारण तिथे फिरवण्याची ताकद लागते. बीममध्ये ताकद फिरवायला नाही, ठोकायला लागते, आणि ठोकायची यंत्रणा ७५० मध्ये पण तीच दोन चकत्यांची. हे न कळल्यामुळे लोक तेच मशीन दोनदा विकत घेतात.

आणि १३ मिमी चक म्हणजे १३ मिमीचं भोक कुठेही पडेल असं नाही. त्याचा अर्थ एवढाच की चकमध्ये जास्तीत जास्त १३ मिमी जाडीचा दांडा मावतो. खाली बारीक अक्षरात लाकूड २५, लोखंड १०, काँक्रीट १३ वगैरे दिलेलं असतं ते कंपनीच्या हिशोबाची कमाल मर्यादा आहे, रोजच्या कामाची नाही. काँक्रीटपुढे १३ लिहिलेलं असलं तरी मी घरच्या माणसाला त्या मशीनवर बीममध्ये ६ मिमीच्या पुढे जाऊ नका म्हणतो.

किटमधल्या वस्तूंचं काय सांगू. शंभर पीसचं किट म्हणून जे येतं ते उघडून मोजा एकदा. गिट्ट्या आणि स्क्रू मोजलेले असतात, पेचकसाची टोकं मोजलेली असतात, हातोडी, पक्कड, टेप, टेस्टर. भिंतीचे बिट बहुतेक चार-पाच, आणि त्यातला तुम्हाला खरा लागणारा ६ मिमीचा एकच. तो गेला की किट संपलं. किटच्या बिटवर कार्बाइडची चकती ज्या पितळी डागाने चिकटवलेली असते तो डाग बिट तापला की सुटतो आणि चकती भोकातच राहते. मशीन किटसकट घेतलं तरी हार्डवेअरच्या दुकानातून ६ मिमीचा एक चांगला बिट वेगळा घ्याच.

आता एक केस सांगतो म्हणजे हे सगळं एकत्र कसं दिसतं ते कळेल. नव्या टॉवरमधला फ्लॅट, हॉलची मोठी खिडकी, रॉडला तीन ब्रॅकेट, प्रत्येकाला दोन स्क्रू, म्हणजे सहा भोकं, सगळी ६ मिमीची. त्या ताईंनी स्वतःच सुरुवात केली होती, आणि नीट केली होती, लेव्हल काढून, पेन्सिलीने खुणा करून. डावीकडची दोन भोकं सुरेख झालेली, मधली आणि उजवीकडची चारही सेंटीमीटरभर जाऊन थांबलेली. त्यांचं म्हणणं बिट झिजला. बिट हातात घेतला तर झिजला होता हे खरंच, चकतीचे दोन्ही कोपरे नखाने चाचपले तर गोल लागत होते आणि टोकामागे दोन सेंटीमीटरवर निळं कडं आलेलं. पण बिट झिजणं हा परिणाम होता. मी डावीकडच्या भोकातली पावडर काडीने उकरली, पांढरी आणि मऊ. मधल्या भोकातून करडी. म्हणजे डावीकडे ब्लॉकची भिंत, मधे आणि उजवीकडे बीम आणि त्याला लागून कॉलम. त्या म्हणाल्या, "अहो दादा, पण रंग तर सगळीकडे एकच आहे." रंग एकच असणार हो, प्लास्टर एकाच दिवशी झालेलं.

माझ्याकडे हॅमर मशीन होतं, ६ मिमीचा एसडीएस बिट लावला. ज्यांनी पहिल्यांदा बघितला ते म्हणतात बिट ढिला बसलाय, पुढेमागे हलतोय. तो हलायलाच हवा, तसाच असतो, त्याशिवाय मागून ठोका बसणार नाही. भोकाच्या तोंडाशी हळू सुरू केलं, पकडलं की पूर्ण ट्रिगर, आणि दाबायचं नाही, नुसतं धरायचं. इम्पॅक्ट ड्रिल दाबल्याशिवाय ठोकत नाही आणि हॅमर मशीन जास्त दाबलं तर ठोका मारायला जागा उरत नाही, हा फरक हाताला लक्षात ठेवायला लागतो. तीन भोकं अर्ध्या-अर्ध्या मिनिटातली. उजवीकडचं शेवटचं मात्र अडीच सेंटीमीटरवर टक्क करून थांबलं.

तिथे सळई होती. ओळखायचं असं, की काँक्रीटमध्ये बिट हळू का होईना पुढे जातो, सळईवर एकदम थांबतो, आवाज बदलून खणखणीत होतो, आणि बिट बाहेर काढला की पावडरीत बारीक चमक दिसते किंवा टॉर्च मारल्यावर भोकाच्या तळाशी चकचकीत ठिपका दिसतो. सळईवरचं काँक्रीटचं कव्हर स्लॅबला साधारण २० मिमी, बीमला तेवढंच किंवा थोडं जास्त, कॉलमला सहसा ४० मिमी धरलेलं असतं, त्यात वरचं प्लास्टर मिळवा आणि तुमची खोली त्याच्या जवळपास असेल तर संशय घ्या. लोखंडाचा बिट लावून सळईतून आरपार जायचा उद्योग करू नका, ती सळई इमारतीची आहे, पडद्याची नाही. आम्ही ब्रॅकेट तीन सेंटीमीटर आत सरकवलं, दोन्ही भोकं नवी पाडली, जुनी दोन वॉल पुट्टीने भरली, ब्रॅकेटच्या पट्टीखाली एक झाकलंही गेलं.

तुमच्याकडे हॅमर मशीन नसेल आणि बीममध्ये दोन-चारच भोकं पाडायची असतील तर इम्पॅक्ट ड्रिलवर निभावतं, पण पद्धत लागते. बिट नवा कोरा घ्या, ६ मिमीचाच, आधी ५ चा घालून मग ६ चा केलात तरी चालेल. प्लास्टर जाईपर्यंत हळू, मग पूर्ण स्पीड आणि अंगाचं वजन टाकून दाब, म्हणून उंची अशी घ्या की मशीन छातीसमोर येईल, डोक्यावर नको. दहा-पंधरा सेकंद चालवा आणि फिरत असतानाच बिट बाहेर ओढा म्हणजे पावडर निघते, आत साठली तर बिट तिलाच दळत बसतो आणि तापतो. प्रत्येक वेळी थोडं थांबा, बिटला थंड होऊ द्या. पाण्यात बुडवायचा मोह होतो, बुडवू नका, तापलेल्या कार्बाइडला तडा जातो. पुढे सरकायचंच थांबलं आणि सळईची लक्षणं नसतील तर समोर खडीचा दगड आलाय. तेव्हा मशीन बाजूला ठेवा, काँक्रीटचा कडक खिळा भोकात घालून फिरवत फिरवत हातोडीचे पाच-सहा ठोके द्या, दगडाला चीर गेली की पुन्हा ड्रिल लावा. हा उपाय अडाणी वाटतो पण बऱ्याच वेळा यानेच काम होतं. डोळ्यावर चष्मा पाहिजे, वरून पावडर थेट डोळ्यात येते. आणि खोली टेपने बिटवर मार्क करा, ३० मिमीची गिट्टी असेल तर ३५-४० मिमी, कारण तळाशी पावडर राहतेच.

एक महत्त्वाचं, स्विच किंवा पॉइंटच्या बरोब्बर वर, सरळ रेषेत भोक पाडू नका, वायरिंगचा पाइप बहुतेक वेळा तिथूनच वर गेलेला असतो.

सहाच्या पुढची भोकं असतील, म्हणजे गीझरचे, टीव्हीच्या स्टँडचे किंवा पाळण्याच्या हुकाचे ८-१० मिमीचे बोल्ट आणि समोर काँक्रीट असेल, तर इम्पॅक्ट ड्रिलवर जीव काढू नका. हॅमर मशीन दिवसाच्या भाड्याने बऱ्याच हार्डवेअरवाल्यांकडे मिळतं, फक्त बिट स्वतःचा न्या, भाड्याच्या मशीनबरोबरचा बिट सगळ्या गावाने वापरलेला असतो. विकतच घ्यायचं तर मिवानच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने पहिलं मशीन हॅमरच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे, छोटं, एसडीएस प्लस, दोन जूलच्या वरचं, ज्यात नुसतं फिरणं, फिरणं अधिक ठोकणं असे मोड वेगळे आहेत. त्यावर लाकडाला-लोखंडाला चकचा अडॅप्टर लावता येतो, पण तेव्हा ठोकणं बंद ठेवायचं, आणि तो चक थोडा डुगडुगतो, फर्निचरच्या बारीक कामाला मजा येत नाही.

विटांच्या किंवा ब्लॉकच्या घरात राहत असाल तर ते १३ मिमीचं ५००-६०० वॅटचं इम्पॅक्ट ड्रिल अगदी योग्य आहे, परत करू नका. भिंतीत ६ आणि ८ ची भोकं, कधीतरी १०, प्लायमध्ये बिजागरीची कामं, लाकडात वीस-पंचवीसपर्यंत, ग्रिलच्या पाइपला ६-८ मिमी, हळू स्पीडवर तेलाचा थेंब टाकून आणि हॅमर बंद करून. लादीवर पण हॅमर बंद, टेप चिकटवून, भाल्याच्या टोकाच्या काचेच्या बिटने लादी पार केल्यावरच मागच्या भिंतीसाठी हॅमर चालू. आणि १० मिमी चकचं ३५०-४०० वॅटचं स्वस्त मशीन येतं, त्याच्या लिस्टिंगमध्ये भिंतीचा फोटो असला तरी हातोडीचं चिन्ह आहे का बघा, बहुतेकांना नसतं. ते सुताराचं मशीन आहे, लाकूड, पत्रा, प्लाय आणि फार तर एएसी ब्लॉक.

खाली विचारायचं असेल तर तीनच गोष्टी लिहा, पावडरीचा रंग, किती मिलिमीटरवर अडतंय, आणि मशीनच्या प्लेटवरचा बीपीएम. फोटो टाकायचाच असेल तर मशीनचा नको, बिटच्या टोकाचा टाका.